सेवेचं एक वर्ष जास्त का येतं? एक्सेलमध्ये नोकरीची पूर्ण वर्षं बरोबर मोजण्याची रीत

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीमधल्या एका कारखान्यात मी पगारपत्रकाचं काम बघतो. आमच्याकडे दहा, पंधरा, वीस वर्षं पूर्ण केलेल्या कामगारांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. पूर्वी तो वर्षाअखेरीला व्हायचा. २०२५ मध्ये पहिल्यांदाच ठरलं की दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की त्याच मांडवात सत्कारही उरकायचा. दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणून ३० सप्टेंबर ही कट-ऑफ तारीख धरून ऑफिसात नवीन लागलेल्या मुलीने यादी काढली आणि नोटीस बोर्डावर लावली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मशीन शॉपमधले एक टर्नर काका ऑफिसात आले. दहा वर्षांच्या यादीत त्यांचं नाव होतं. म्हणाले, "बेटा, माझे दहा वर्ष तर देवदिवाळीनंतर पुरे होणार. मी अठरा नोव्हेंबरला लागलो होतो. शाल आत्ता घेतली तर लोक काय म्हणतील?"

मुलीने पत्रक उघडलं. काकांची रुजू तारीख १८ नोव्हेंबर २०१५ बरोबर लिहिलेली होती. कट-ऑफ ३० सप्टेंबर २०२५, तीही बरोबर. पुढच्या रकान्यात सेवा १० वर्षं. तिचा चेहरा उतरला. चूक तिची नव्हती, पत्रकातला फॉर्म्युला काही वर्षांपूर्वी मीच घातलेला होता. तो असा होता:

```
=YEAR($H$1)-YEAR(C2)
```

H1 मध्ये कट-ऑफ तारीख, C मध्ये रुजू तारीख. या वर्षातून ते वर्ष वजा. २०२५ वजा २०१५, दहा. हिशोब ऐकायला इतका सरळ वाटतो की कोणी शंका घेत नाही. या कामाला नवीन लागलेल्या प्रत्येकाच्या हातून हा फॉर्म्युला एकदा तरी लिहिला जातो. म्हणून तो नेमका कुठे फसतो आणि त्याच्या जागी काय घालायचं, ते नीट सांगतो.

आधी दोन आकडे वेगळे करा

आपल्या बोलण्यात हा फरक मुळातच आहे. मुलाचं वय विचारलं की घरातली म्हातारी माणसं सांगतात, "आठ पूर्ण, नववं लागलंय." पूर्ण झालेली वर्षं वेगळी आणि चालू वर्ष वेगळं. दोन्हींत नेहमी एकाचा फरक असतो आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात.

वर्षातून वर्ष वजा करणारा फॉर्म्युला यांपैकी कोणता आकडा देतो? मला वाटायचं, चालू वर्षाचा देत असेल. तसं नाही. आमच्याकडचे दोन कामगार शेजारी ठेवून बघा. कोड ०१४ हे १२ जून २०१५ ला लागले. ३० सप्टेंबर २०२५ ला त्यांची दहा वर्षं पूर्ण होऊन अकरावं लागलेलं होतं. फॉर्म्युला म्हणतो दहा, म्हणजे इथे तो पूर्ण वर्षं सांगतोय. कोड ०२२ म्हणजे आपले टर्नर काका. त्यांची त्या दिवशी नऊ पूर्ण होती, दहावं चालू होतं. फॉर्म्युला त्यांनाही दहा देतो, म्हणजे इथे तो चालू वर्ष सांगतोय. एकाच रकान्यात, एकाच फॉर्म्युल्याने, एका ओळीत पूर्ण वर्षं आणि खालच्या ओळीत चालू वर्ष. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मला खरंच धक्का बसला, कारण सगळीकडे सारखी चूक असती तर सगळ्यांतून एक वजा करून भागलं असतं. इथे ते करता येत नाही.

याचं कारण असं की हा फॉर्म्युला वर्षं मोजतच नाही. रुजू झाल्यापासून मध्ये किती वेळा १ जानेवारी आली, तेवढंच तो मोजतो. दिवाळीच्या चार दिवस आधी दुकानात लागलेल्या पोराला बेसता वर्षाला, चोपडा नवा झाला म्हणून, "तुझं एक वर्ष झालं" असं आपल्या बडोद्यात कोणी शेठ म्हणणार नाही. फॉर्म्युला मात्र तेच म्हणतो. ३१ डिसेंबरला लागलेला माणूस दुसऱ्याच दिवशी त्याच्या हिशोबात एक वर्षाचा होतो.

चूक डिसेंबरात का दिसत नाही

आता हा फॉर्म्युला इतकी वर्षं कसा टिकला ते बघा, कारण तुमच्याही पत्रकात तो असाच लपलेला असू शकतो. आमची यादी पूर्वी ३१ डिसेंबरच्या तारखेने निघायची. ३१ डिसेंबरला वर्षातल्या प्रत्येक माणसाची त्या वर्षीची रुजू तारीख येऊन गेलेली असते. त्यामुळे त्या एका दिवशी वर्षातून वर्ष वजा केलेलं उत्तर सगळ्यांसाठी बरोबर येतं. मी पत्रक बनवलं तेही डिसेंबरात. चार-पाच जणांच्या फायली काढून हाताने ताडून पाहिलं, सगळं जुळलं आणि मी निर्धास्त झालो.

हेच पत्रक दुसऱ्या दिवशी, १ जानेवारीला उघडलं असतं तर १ जानेवारीलाच लागलेले सोडून बाकी प्रत्येकाचं एक वर्ष जास्त आलं असतं. मग वर्ष पुढे सरकतं तसतशी चूक विरत जाते. ज्याची तारीख येऊन जाते त्याचा आकडा आपोआप खरा होतो. ३० सप्टेंबरला फक्त ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरात लागलेल्यांचे आकडे चुकलेले असतात, बाकीचे बरोबर. म्हणून ही चूक पकडायला कठीण. कोणी तक्रार केली आणि तुम्ही महिनाभराने तपासायला बसलात, तर तोवर त्या माणसाची तारीख उलटून गेलेली असते आणि पत्रक तुमच्यासमोर साळसूदपणे बरोबर उत्तर देतं.

पहिलं काम: कट-ऑफ तारीख एकाच खान्यात

दुरुस्तीला बसताना आधी पत्रकात कुठे आजची तारीख आपोआप आणणारं `TODAY()` असेल तर ते काढून टाका. सत्काराची यादी असो, रजेचा हक्क असो की ग्रॅच्युइटीची तरतूद, प्रत्येक हिशोब कुठल्या तरी ठरलेल्या तारखेचा असतो. `TODAY()` ठेवलं की सोमवारी छापलेली यादी आणि शुक्रवारी उघडलेलं पत्रक जुळत नाही, आणि वाद झाला तर त्या दिवशी काय दिसत होतं ते कोणालाच दाखवता येत नाही. एका खान्यात, आमच्याकडे H1 मध्ये, तारीख हाताने लिहा. सगळे फॉर्म्युले तिच्याकडेच बघतील असं करा. डॉलरची खूण घालून `$H$1` लिहिलं की फॉर्म्युला खाली ओढताना तो खाना सरकत नाही.

दुसरं काम: रुजू तारखा खरंच तारखा आहेत का?

हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून पुढे गेलात तर फॉर्म्युला बरोबर असूनही उत्तर चुकेल. आपण दिवस-महिना-वर्ष असं लिहितो. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर तो महिना-दिवस-वर्ष असं वाचतो. अशा कॉम्प्युटरवर 18/11/2015 लिहिलं तर अठरावा महिना नसतो, म्हणून एक्सेल त्याला तारीख मानत नाही, अक्षरं म्हणून तसंच ठेवतो. हे निदान ओळखू येतं: खरी तारीख खान्यात उजवीकडे चिकटते, अक्षरं डावीकडे. खात्री करायची तर शेजारच्या रिकाम्या रकान्यात हे लिहून खाली ओढा. जिथे `FALSE` येईल ती तारीख नाही.

```
=ISNUMBER(C2)
```

खरा धोका दुसऱ्या प्रकारात आहे. 12/06/2015 लिहिलं तर अमेरिकन सेटिंग ते निमूटपणे ६ डिसेंबर २०१५ म्हणून घेते. तारीख खरी, उजवीकडे चिकटलेली, `ISNUMBER` ही खूश. पण कोड ०१४ चा जून महिन्याचा डिसेंबर झालेला असतो.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. माझा जुना फॉर्म्युला फक्त वर्ष बघायचा, म्हणून दिवस आणि महिना उलटे झालेत हे त्याला कधी कळलंच नाही. २०१५ तर २०१५. म्हणजे एका चुकीने दुसरी झाकून ठेवली होती. फॉर्म्युला सुधारला त्या दिवशी कोड ०१४ अचानक दहावरून नऊवर आले, आणि मुलगी म्हणाली, "सर, नवाच फॉर्म्युला चुकतोय." फॉर्म्युला बरोबर होता. तारीख इतकी वर्षं उलटी पडून होती. दिवस १२ किंवा त्याहून लहान असलेल्या सगळ्या रुजू तारखा नेमणूकपत्राशी ताडून बघा. खाना निवडून तारखेचं रूप बदलून महिना अक्षरांत दिसेल असं केलं, 12-Jun-2015 असं, तर ताडणं सोपं जातं.

आणखी एक. काही फायलींत दोन तारखा असतात, एक प्रशिक्षणार्थी म्हणून लागल्याची आणि एक कायम झाल्याची. सत्कारासाठी कोणती धरायची हे कारखान्याने ठरवायचं असतं, पण सगळ्यांसाठी एकच ठरवायचं. पत्रकात अर्धे असे आणि अर्धे तसे असतील तर तो घोळ कुठलाच फॉर्म्युला सोडवणार नाही.

तिसरं काम: यंदाची तारीख येऊन गेली का?

आता मूळ दुरुस्ती. आपण मनात वय कसं काढतो? वर्षातून वर्ष वजा करतो आणि लगेच विचारतो, "यंदाचा वाढदिवस झाला का?" झाला नसेल तर एक कमी करतो. फॉर्म्युल्याला फक्त हा दुसरा प्रश्न शिकवायचा आहे.

नवीन असाल तर पहिल्यांदा हे दोन रकान्यांत करा, म्हणजे काय चाललंय ते डोळ्यांना दिसेल. D रकान्यात यंदाची रुजू तारीख काढा, म्हणजे दिवस आणि महिना जुनाच, वर्ष कट-ऑफचं:

```
=DATE(YEAR($H$1),MONTH(C2),DAY(C2))
```

टर्नर काकांच्या ओळीत इथे १८ नोव्हेंबर २०२५ येईल. मग E रकान्यात:

```
=YEAR($H$1)-YEAR(C2)-(D2>$H$1)
```

कंसातला भाग हाच तो प्रश्न. यंदाची तारीख कट-ऑफच्या पुढे आहे का? असेल तर एक्सेल वजाबाकीत त्याला १ धरतो, नसेल तर ०. काकांसाठी १८ नोव्हेंबर ही ३० सप्टेंबरच्या पुढे आहे, म्हणून १० वजा १, नऊ. कोड ०१४ साठी १२ जून मागे पडलेली, म्हणून १० वजा ०, दहा. खूण `>` हीच हवी, `>=` नको. कट-ऑफच्याच दिवशी ज्याची तारीख पडते त्याचं वर्ष पूर्ण झालेलं आहे, `>=` लिहिलं तर त्याचं एक वर्ष कापलं जाईल.

हे समजलं की एकाच फॉर्म्युल्यात काम करता येतं:

```
=DATEDIF(C2,$H$1,"Y")
```

`DATEDIF` हे एक्सेलमध्ये जुन्या लोटस १-२-३ शी जुळवून घेण्यासाठी ठेवलेलं फंक्शन आहे. टाईप करायला लागलात की इतर फंक्शनांसारखी त्याची सूचना खाली येत नाही, त्यामुळे बऱ्याच जणांना ते आहे हेच माहीत नसतं. पूर्ण टाईप करा, चालतं. गुगल शीट्समध्येही चालतं. आधी जुनी तारीख, मग नवी. उलट लिहिलंत तर `#NUM!` येईल. `"Y"` म्हणजे पूर्ण वर्षं, `"YM"` म्हणजे वर्षं सोडून उरलेले पूर्ण महिने. उरलेले दिवस देणारं `"MD"` मात्र वापरू नका. त्याचं उत्तर काही वेळा चुकीचं, अगदी उणेसुद्धा येतं, आणि खुद्द मायक्रोसॉफ्टनेच ते वापरू नका असं लिहून ठेवलं आहे.

३६५ ने भागू नका

जुना फॉर्म्युला चुकतो हे कळल्यावर पुष्कळ जण दिवसांची वजाबाकी करून ३६५ ने भागतात. आमच्या ऑफिसातल्या मुलीनेही आधी तेच केलं. काकांचं उत्तर नऊ आलं, म्हणून तिला वाटलं जमलं. पण कोड ०३७ कडे बघा. ते १ ऑक्टोबर २०१५ ला लागले. तिथून २८ सप्टेंबर २०२५ पर्यंत ३६५० दिवस होतात, कारण मध्ये २०१६, २०२० आणि २०२४ ही तीन लीप वर्षं आली. ३६५० ला ३६५ ने भागलं की बरोबर दहा. म्हणजे दहा वर्षं खरोखर पूर्ण व्हायच्या तीन दिवस आधीच पत्रक दहा दाखवायला लागतं. सेवा जितकी जुनी, तितके हे दिवस वाढत जातात.

मग कोणी ३६५.२५ ने भागा म्हणतं. ते उलट्या बाजूला चुकतं. १ ऑक्टोबर २०२० ला लागलेल्या माणसाची १ ऑक्टोबर २०२५ ला पाच वर्षं झाली. दिवस होतात १८२६. भागिले ३६५.२५, म्हणजे चार पूर्णांक आणि पाचाला जरासं कमी. पूर्णांक घेतला की चार. त्या माणसाच्या पाच वर्षांवर पाणी फिरलं. वर्ष म्हणजे दिवसांची ठरावीक थप्पी नव्हे, तीच तारीख पुन्हा येणं म्हणजे वर्ष. म्हणून तारखेला तारीखच ताडायची.

चौथं काम: सीमेवरच्या तारखांनी परीक्षा घ्या

मी पूर्वी पडताळणीला ओळखीची चार माणसं घेतली होती. त्याने काही सिद्ध होत नाही. पत्रकाच्या तळाशी तीन खोट्या ओळी घाला. कट-ऑफ ३० सप्टेंबर २०२५ असेल तर रुजू तारखा २९ सप्टेंबर २०१५, ३० सप्टेंबर २०१५ आणि १ ऑक्टोबर २०१५. उत्तरं यायला हवीत दहा, दहा, नऊ. तिसऱ्या ओळीत दहा आलं तर फॉर्म्युला अजून वर्षच वजा करतोय किंवा ३६५ ने भागतोय. दुसऱ्या ओळीत नऊ आलं तर कुठेतरी `>=` राहिलंय. तपासून झालं की त्या ओळी पुसायला विसरू नका, नाहीतर यादीत तीन निनावी माणसं शाल घ्यायला उभी राहतील.

मग जुन्या आणि नव्या फॉर्म्युल्याचे रकाने शेजारी ठेवा आणि जिथे आकडे वेगळे येतात तेवढ्याच ओळी गाळून काढा. ३० सप्टेंबरच्या कट-ऑफला या सगळ्या ओळींत रुजू महिना ऑक्टोबर, नोव्हेंबर किंवा डिसेंबर असायला हवा, आणि फरक बरोबर एकाचाच. आमच्याकडे कोड ०१४ सापडले ते याच गाळणीत: फाईलमध्ये जून आणि पत्रकात डिसेंबर.

२९ फेब्रुवारीला लागलेला माणूस असेल तर त्याची तारीख तीन वर्षांआड एकदा येते. वरचा `DATE` फॉर्म्युला साध्या वर्षात २९ फेब्रुवारीचं १ मार्च करतो, म्हणजे वर्ष १ मार्चला पूर्ण धरतो. तुमच्या कारखान्याने २८ फेब्रुवारी धरायचं ठरवलं असेल तर ती ओळ हाताने सांभाळा. अशी माणसं एखाददुसरीच असतात.

शेवटचा दिवस मोजायचा की नाही

कोड ०३७ वर पुन्हा येऊ, कारण त्यांच्या निमित्ताने आमच्याकडे अर्धा तास चर्चा झाली. रुजू १ ऑक्टोबर २०१५, कट-ऑफ ३० सप्टेंबर २०२५. `DATEDIF` म्हणतं नऊ. पण ३० सप्टेंबरची पाळी करून ते घरी गेले तेव्हा त्यांची दहा वर्षं भरलेली होती. १ ऑक्टोबरपासून पुढच्या ३० सप्टेंबरपर्यंत एक वर्ष भरतंच की. `DATEDIF` शेवटची तारीख धरत नाही, ते जणू त्या दिवशी सकाळी गेटवर उभं राहून मोजतं.

सत्काराच्या यादीसाठी आम्ही कट-ऑफच बदलून कार्यक्रमाचा दिवस, २ ऑक्टोबर, केला. ०३७ ना मानाने शाल मिळाली. काका त्या यादीत नव्हते, त्यांना पुढच्या दसऱ्याला मिळेल, आणि त्यावर ते समाधानी आहेत.

नोकरी सोडणाऱ्याच्या हिशोबात मात्र हा एक दिवस फार महत्त्वाचा आहे. तिथे शेवटचा कामाचा दिवस सेवेतच धरला जातो, म्हणून शेवटच्या तारखेत एक मिळवून मोजायचं. रुजू तारीख C मध्ये आणि शेवटचा कामाचा दिवस D मध्ये असेल तर E मध्ये:

```
=DATEDIF(C2,D2+1,"Y")
```

१ ऑक्टोबर २०२० ला लागून ३० सप्टेंबर २०२५ ला सोडणाऱ्या कायम कामगाराला `+1` नसेल तर चार वर्षं दिसतात, असेल तर पाच. कायम कामगाराच्या ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे पाच वर्षांच्या सलग सेवेची अट असते, म्हणजे `+1` विसरलं तर पत्रकात तो अटीबाहेर दिसतो.

ग्रॅच्युइटीचा रकाना वेगळा ठेवा

पूर्ण वर्षांचा फॉर्म्युला सुधारला आणि तोच आकडा ग्रॅच्युइटीच्या रकान्यात जोडला, असं करू नका. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने घालून दिलेली रीत अशी: प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा पगार, आणि शेवटचा तुकडा सहा महिन्यांहून जास्त असेल तर तोही एक वर्ष. महिन्याचे दिवस २६ धरतात. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० असेल तर एका वर्षाचे १५,००० होतात.

आता समजा कोणी १० जानेवारी २०१५ ला लागला आणि ३० सप्टेंबर २०२५ हा त्याचा शेवटचा दिवस. दहा वर्षं पूर्ण आणि वर आठ महिने. ग्रॅच्युइटीसाठी ११ वर्षं. जुना फॉर्म्युला, २०२५ वजा २०१५, दहाच देईल आणि माणसाचे १५,००० बुडतील. दुसरा १८ नोव्हेंबर २०१५ ला लागून ३१ मार्च २०२५ ला सोडतो. नऊ वर्षं आणि वर साडेचार महिने, म्हणजे ९ वर्षं. जुना फॉर्म्युला दहा देईल आणि १५,००० जास्त लिहिले जातील. तोच फॉर्म्युला एकाला कमी देतो, दुसऱ्याला जास्त.

वर काढलेली पूर्ण वर्षं E मध्ये आहेत, त्यावरून:

```
=E2+(D2+1>EDATE(C2,12*E2+6))
```

`EDATE` रुजू तारखेत तेवढे महिने मिळवतं. पूर्ण वर्षं अधिक सहा महिने कुठल्या तारखेला भरतात ते निघतं, आणि सेवा त्याच्या पुढे गेली असेल तर एक मिळवला जातो. पहिल्या माणसासाठी ती तारीख १० जुलै २०२५ येते, सेवा पुढे गेलेली, म्हणून ११. दुसऱ्यासाठी १८ मे २०२५ येते, तो त्याआधीच गेला, म्हणून ९. बरोबर सहा महिने भरले आणि वर एकही दिवस नाही, तर मिळवायचा नाही, म्हणून इथेही `>` आहे. हा आकडा पाच वर्षांची अट तपासायला वापरू नका. ती E वरूनच तपासा.

सॉफ्टवेअरवाल्याला काय विचारायचं

पगाराचं सॉफ्टवेअर बाहेरच्याकडून घेतलं असेल तरी हीच चूक आत असू शकते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये `DATEDIFF` नावाचं फंक्शन आहे. नाव आपल्या एक्सेलच्या `DATEDIF` सारखंच, फक्त एक `F` जास्त. पण ते वागतं माझ्या जुन्या फॉर्म्युल्यासारखं: वर्षं मागितली की मध्ये किती १ जानेवारी आल्या ते सांगतं.

```
SELECT DATEDIFF(year, '2015-11-18', '2025-09-30');
```

याचं उत्तर १० येतं. मायएसक्यूएलमध्ये `TIMESTAMPDIFF` पूर्ण वर्षंच देतं:

```
SELECT TIMESTAMPDIFF(YEAR, '2015-11-18', '2025-09-30');
```

इथे ९. तुम्हाला कोड वाचता येत नसेल तरी हरकत नाही. चाचणीच्या खात्यात ३१ डिसेंबरला रुजू झालेला एक कर्मचारी तयार करा आणि १ जानेवारीच्या तारखेने सेवेचा अहवाल काढा. शून्य वर्षं आली तर ठीक. एक आलं तर तो कागद छापून त्यांच्यासमोर ठेवा. आमच्या सॉफ्टवेअरवाल्या भाईने आधी फोनवर "तुमची तारीख चुकली असेल" असंच म्हटलं होतं. एका दिवसाच्या नोकरीवर एक वर्षाची सेवा छापलेला कागद पाहिल्यावर त्याने त्याच संध्याकाळी दुरुस्ती पाठवली.